जुनं एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर घेताना नेमकं काय तपासायचं? (गॅजिया क्लासिक प्रो, पुणे)

घाटपायथा

मंडळी, मदत हवी आहे. बाणेरमधले एक गृहस्थ जर्मनीहून परत आले, त्यांनी तिकडे घेतलेलं गॅजिया क्लासिक प्रो विकायला काढलंय. सोबत युरेका मिग्नॉन ग्राइंडरही आहे. मशीनचे ३२,००० आणि ग्राइंडरचे १४,००० म्हणतात, दोन्ही घेतल्यास ४४. वापर "फारच कमी" असं जाहिरातीत आहे, पण ते सगळेच लिहितात. मी आजवर मोका पॉट आणि हॅंड ग्राइंडरवर भागवलंय. मशीन कधी उघडून पाहिलेलं नाही.

रविवारी बघायला जायचंय. तिथे अर्धा तास मिळेल. त्यात काय काय करून बघू? आणि विक्रेत्याला काय विचारू? नवं का घेत नाही, हा प्रश्न कृपया नको. बजेटचाच प्रश्न आहे.

रानमेवा

मस्त मशीन. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं आहे. सगळ्यात आधी बार बघा. बॉक्सवर १५ बार लिहिलेलं असतं, तेवढं प्रेशर आलं म्हणजे पंप चांगला. गेज लावून तपासता येतं. दुसरं म्हणजे आतून साफ नसेल तर घाबरू नका, व्हिनेगर फिरवला की सगळे क्षार निघतात. आणि घरी आरओचं पाणी वापरा, मग आयुष्यभर बघायला नको.

वाफाळ

घाटपायथा, अर्धा तास पुरतो, पण एक अट घाला. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मशीन मला थंड हवंय, मी आल्यावर चालू करू. विक्रेते भलेपणाने आधीच तापवून ठेवतात आणि त्यात निम्मी परीक्षा बुडते. थंड मशीन चालू करताना किती वेळात तापतं, तापताना कुठून पाणी झिरपतं, लाइन ट्रिप होते का, हे फक्त पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

आल्या आल्या खालची पट्टी वाचा. व्होल्ट, हर्ट्झ, वॅट आणि मॉडेल. जर्मनीचं असेल तर २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्याकडे तसंच चालेल, फक्त प्लग बदलावा लागेल. हे मशीन १३००-१४०० वॅटच्या घरातलं आहे, तेव्हा भिंतीवरच्या छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवू नका. १६ अँपिअरचं सॉकेट आणि तारेवर पक्का बसवलेला तीन पिनांचा टॉप.

मॉडेल बघायचं कारण असं: क्लासिक १९९१ पासून येतंय, मात्र २०१५ च्या आवृत्तीत थ्री-वे सोलेनॉइड, म्हणजे शॉट बंद झाल्यावर आत राहिलेला दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व, काढून टाकला होता. २०१९ च्या 'प्रो'मध्ये तो परत आला. वरवर दोन्ही मशीन सारखीच दिसतात आणि विकताना लोक फक्त 'क्लासिक' लिहितात. सोलेनॉइड आहे हे ओळखायचं सोपं लक्षण म्हणजे ग्रुपच्या, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या, बाजूने ड्रिप ट्रेकडे उतरणारी एक बारीक नळी, आणि शॉट बंद केल्यावर तिच्यातून येणारा फुस्स आवाज.

आता मुख्य परीक्षा. पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे दांडा असलेल्या कॉफीच्या वाटीत, छिद्र नसलेली ब्लाइंड बास्केट घालून तो लावायचा. विक्रेत्याकडे नसेल तर त्या मापाची रबराची चकती नेऊन साध्या बास्केटमध्ये ठेवा. मशीन तापल्यावर ब्रू स्विच साधारण आठ-दहा सेकंद चालू. पंपाचा आवाज सुरुवातीला मोकळा असतो, मग दाब चढला की दाटून खाली येतो. या वेळी मागच्या टाकीत डोकवा. तिच्यात दोन नळ्या उतरतात. एकीतून पाणी ओढलं जातं आणि दुसरीतून जास्तीचं पाणी टाकीत परत येतं. ते परत येताना दिसलं म्हणजे पंप दाब देतोय आणि ओव्हरप्रेशर व्हॉल्व उघडतोय. गेज नसलं तरी एवढं कळतं.

मग स्विच बंद. लगेच बारीक नळीतून फुस्स करून पाणी ट्रेमध्ये पडायला हवं. पडलं तर पोर्टाफिल्टर सुखाने निघतो. नाही पडलं तर *पोर्टाफिल्टर काढू नका*, दाब आत अडकलेला असतो आणि कढत पाणी तोंडावर उडतं. तो पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा. असं झालं तर सोलेनॉइड क्षारांनी किंवा कॉफीच्या गाळाने चोंदलाय.

रानमेवा, तुमच्या प्रतिसादावर नंतर लिहितो, तेवढा वेळ आत्ता नाही.

सुगरण_जर्सी

व्होल्टेजचा मुद्दा निघालाच आहे तर माझं सांगते. मी न्यू जर्सीहून आई-बाबांसाठी १२० व्होल्टचं मशीन ठाण्याला नेलं. नवऱ्याने २००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. तो ओट्यावर ठेवायला जागा नाही, उचलायला हमाल लागावा, आणि चालू असताना सतत घुंघुं. बरं इतकं करूनही पंपाचा आवाज वेगळाच यायचा आणि काही महिन्यांत तो गेला. बाबा परत चहावर. तेव्हा अमेरिकेतून आलेलं स्वस्त मिळालं तरी घेऊ नये असं माझं मत. कुणी सांगेल का पंप का गेला असेल? ट्रान्सफॉर्मर तर बरोबर होता.

आप्पा_मुलुंड

सुगरणबाई, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. या घरगुती मशीनचा पंप कॉइलने दट्ट्या मागेपुढे हलवून चालतो, आणि तो मेनच्या तालावर चालतो. हर्ट्झ कमी झाले की ठोके कमी, आणि त्याच व्होल्टला कॉइलमधून करंट जास्त जातो. म्हणजे काम कमी आणि ताप जास्त. शक्यता आहे, तुमचा पंप त्यातच गेला असेल. बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. हीटरला मात्र हर्ट्झचं काही पडलेलं नसतं.

मी स्वतः पितळी फिल्टरची कॉफी पिणारा माणूस, एस्प्रेसोतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आयुष्य वायरिंगमध्ये गेलं, म्हणून घाटपायथा यांना एकच सांगतो. विक्रेत्याच्या घरी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते विचारा. जुन्या इमारतीत नसतो, किंवा सतत पडतो म्हणून कुणीतरी बायपास करून ठेवलेला असतो. हीटरची गळती तिथे दिसणारच नाही. मशीन बिनधास्त चालेल, शॉट निघेल, तुम्ही पैसे द्याल, आणि तुमच्या घरी लावल्या लावल्या ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडेल. मग विक्रेता म्हणेल, माझ्याकडे तर चालत होतं, आणि तो खोटंही बोलत नसेल.

निवांत_वाचक

एवढा खटाटोप कशाला? चांगली ८०-२० चिकोरीवाली पावडर घ्या, फिल्टर घ्या, दोनशे रुपयांत काम. किंवा तीच पावडर मशीनमध्ये घातली तर एस्प्रेसो होतो का?

वाफाळ

@निवांत_वाचक, तुमचा मार्ग चांगलाच आहे, पण धागा वेगळा आहे. आणि नाही, चिकोरीची पावडर या मशीनमध्ये घालू नका. चिकोरी भिजली की चिकट होते, बास्केट गच्च बसते आणि परत येणारा चिकटा थेट सोलेनॉइडमध्ये जातो. उलट हा विक्रेत्याला विचारायचा चांगला प्रश्न आहे: कुठली कॉफी घालत होता? कुणी अभिमानाने "आम्ही घरची फिल्टर पावडरच वापरायचो" म्हणालं की आत काय असेल याचा अंदाज येतो.

@रानमेवा, १५ बार हा पंपाचा पुढे काही वाट नसतानाचा कमाल आकडा. कॉफीसाठी साधारण ९ च्या आसपास हवा असतो. गेजची कल्पना बरोबर, पण १५ दिसले तर ते चांगलं लक्षण नाही. 'प्रो' कारखान्यातून ९ पेक्षा वर लावलेलं यायचं आणि लोक ओव्हरप्रेशर व्हॉल्वची स्प्रिंग बदलून खाली आणतात. विक्रेत्याने बदललीय का ते विचारा. बदलली असेल तर माणूस मशीनची काळजी घेणारा आहे, एवढं तरी कळतं.

व्हिनेगर नको. वास राहतो आणि रबरी भागांना बाधतो. या क्लासिक प्रोचा बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे. लिंबूसत्वसुद्धा पातळ आणि थोडाच वेळ, रात्रभर भरून ठेवायचं नाही. कुणी जोरदार ॲसिड फिरवलं असेल तर आतला पृष्ठभाग खड्डेखड्डे झालेला असतो. विचारायचा प्रश्न म्हणजे शेवटचं डीस्केलिंग कधी, कशाने केलं आणि पाणी कुठलं होतं. "विकायचं म्हणून कालच केलं" हे उत्तर मला सगळ्यात कमी आवडतं. क्षारांनी बुजलेली बारीक गळती डीस्केलिंगनंतर उघडी पडते, आणि ती दिसायला दोन-चार दिवस लागतात. तोवर मशीन तुमच्या ओट्यावर आलेलं असतं.

आरओबद्दल अर्धं बरोबर. क्षार साठत नाहीत हे खरं. पण अगदी कमी टीडीएसचं पाणी धातूला चांगलं नाही, चवही फिकी येते, आणि मोठ्या मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखणाऱ्या प्रोबला ते पाणी दिसतच नाही, कारण त्यातून वीज पुरेशी वाहत नाही. क्लासिकला प्रोब नाही, त्यामुळे तेवढी भीती नाही.

रानमेवा

माझं मशीन दोन वर्षं व्हिनेगरवर व्यवस्थित आहे हो. असो. टीडीएस मीटर घेऊन विक्रेत्याच्या घरचं पाणी मोजता येईल की. ३०० च्या वर आलं तर मशीन सोडून द्या.

वाफाळ

टीडीएसमध्ये सगळंच मोजलं जातं, मीठसुद्धा. मशीनला त्रास देतो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या कडकपणाच्या पट्ट्या बऱ्या. पण मोजण्यापेक्षा विचारणं सोपं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येत असेल तर ते तसं मऊ. बोअर किंवा टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर गोष्ट वेगळी. बाणेर-बालेवाडी म्हणजे टँकर, हे मी सांगायला नको.

घाटपायथा

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण मला निम्म्याचा अर्थ लागलेला नाही.

फोनवर थंड ठेवा सांगूनही मशीन तापलेलंच होतं. "तुम्ही येणार म्हणून लावून ठेवलं." काका सज्जन आहेत, चहा-चिवडा झाला, जर्मनीच्या गप्पा झाल्या. त्यात मशीन थोडं निवलं, पण पूर्ण थंड म्हणता येणार नाही.

पट्टी: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बारीक नळी आहे, म्हणजे सोलेनॉइडवालं.

पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडलं. धार एकाच बाजूने तिरकी येत होती. बंद केल्यावर ग्रुपमधून थेंब थेंब पडत राहिले, मी बघत होतो तोवर थांबले नाहीत. ब्लाइंड बास्केट लावली: पंपाचा आवाज वाफाळ म्हणाले तसा दाटला, टाकीत पाणी परत येताना दिसलं. बंद केल्यावर फुस्स नाही. नुसती एक उसासा टाकल्यासारखी हवा. पोर्टाफिल्टर तसाच ठेवला, नंतर काढला तेव्हाही थोडं शिंतडलंच.

पोर्टाफिल्टरचा दांडा लावताना मधल्या रेषेच्या पुढे, उजवीकडे जातो. शॉवर स्क्रीनचा स्क्रू काढू दिला. मागे काळं, चिकट, खवट वासाचं. वाफ जोरात आली. पण मध्येच मशीन आपोआप बंद झालं. काका म्हणाले ते तसंच करतं.

पाणी: दोन वर्षं बाटलीचं, मग "सोसायटीचं". सोसायटी टँकरवर. गेल्या पावसाळ्यापासून मशीन बंदच होतं, जाहिरातीसाठी काढलं. आरसीसीबी आहे का विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं. डीबी उघडून पाहिला, नुसते एमसीबी.

घेऊ का?

वाफाळ

आपोआप बंद होणं दोष नाही. युरोपातल्या मशीनना साधारण वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय असते. पुन्हा स्विच दाबला की चालू.

दांडा पुढे जातो म्हणजे ग्रुपचं गॅस्केट दबून कडक झालंय. ते स्वस्त आहे आणि घरी बदलता येतं. काढताना तुकडे तुकडे होऊन निघेल, घाबरू नका. काळा चिकटा म्हणजे बॅकफ्लश, म्हणजे ब्लाइंड बास्केट लावून पाणी उलटं फिरवत करायची सफाई, कधीच केलेली नाही. धार तिरकी यायचं कारण बहुतेक तोच, शॉवरची भोकं बुजलीत.

उरले दोन मुद्दे. थेंब थांबत नाहीत आणि फुस्स नाही, हे दोन्ही एकाच जागी बोट दाखवतात: सोलेनॉइड धड बंद होत नाही आणि त्याची बाहेर टाकणारी वाट बुजलेली आहे. टँकरचं पाणी आणि बॅकफ्लश नाही, मग दुसरं काय होणार. बहुतेक वेळा तो उघडून, साफ करून, आतलं सील बघून परत बसतो. मी स्वतः केलेले आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. पण बॉयलरला धरणारे स्क्रू गंजून बसलेले असले तर तुटतात, आणि मग काम वाढतं. सोलेनॉइड नवाच टाकायचा ठरला तर तो महागातला सुटा भाग आहे, बाहेरून मागवावा लागतो. सौदा करताना तो खर्च धरूनच बोला.

झाकण उघडून बघायला हवं होतं. वरचे दोन स्क्रू काढले की पत्रा निघतो. बॉयलरचे दोन भाग जिथे जुळतात तिथे पांढरे ओघळ आहेत का, वायरींवर गंज आहे का, हे टॉर्चने बघायचं. प्लग काढून, अर्थात. परत जाता आलं तर जा.

आप्पा_मुलुंड

मला मात्र दुसरीच ओळ खटकली. पावसाळ्यापासून बंद, आणि घरात आरसीसीबी नाही.

नळीच्या हीटरमध्ये तार आणि बाहेरचं कवच यांच्यात पांढरी पूड भरलेली असते, ती ओल ओढते. महिनोन्महिने बंद राहिलं, त्यात आपला पाऊस, की टोकांतून ओल आत जाते आणि गळती सुरू होते. परत जाल तेव्हा ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, घेऊन जा, ओळखीच्या वायरमनकडे मिळेल. मल्टिमीटरने चालणार नाही, त्याच्या छोट्या बॅटरीला ही गळती दिसत नाही. मशीनचा प्लग भिंतीतून बाहेर, झाकण उघडं, हीटरच्या टॅबवरच्या वायरी काढायच्या, कुठली कुठे होती याचा आधी फोटो काढायचा. मग मेगरचं एक टोक टॅबला, दुसरं बॉयलरच्या उघड्या धातूला. एक मेगओमच्या खाली आलं तर माझ्या मते हात जोडून निघावं. आणि प्लगची अर्थ पिन व बॉयलरचं अंग यांच्यात मात्र जवळजवळ शून्य ओहम हवा, ते मल्टिमीटरने बघितलं तरी चालेल.

कुडाळकर

माझा अनुभव ग्राइंडरचा. गोव्यात एक कॅफे बंद झाला, तिथला मॅझर सुपर जॉली मी स्वस्तात उचलला. घरी आणून बघतो तर पट्टीवर ४०० व्होल्ट, थ्री फेज! तसाच गॅरेजमध्ये पडून आहे. घरच्या लाइनीवर चालवायचा काही उपाय आहे का? मोटर गुंडाळणारा म्हणतो कॅपॅसिटर लावून चालवू.

वाफाळ

कुडाळकर, त्याबद्दल आप्पाच सांगू शकतील. मी एवढंच म्हणतो की मोटरचं काही करायच्या आधी बर्स, म्हणजे दळणाऱ्या चकत्या, बघा. कॅफेत दिवसाला काही किलो कॉफी त्यातून जाते, वर्षाकाठी हजारावर किलो सहज. स्टीलचे बर्स काही शे किलोंनंतर बोथट होतात आणि कॅफे बंद पडायला आलेला असताना ते बदलायला कुणी पैसे घालत नाही. जात्याला टाकी लावायची वेळ झाली की पीठ कसं गरम आणि रवाळ पडतं, तसंच होतं. सुदैवाने मॅझरचे नवे बर्स मिळतात.

घरच्या ग्राइंडरचं उलट असतं. रोज दोन शॉट धरले तरी वर्षाला जेमतेम १३-१४ किलो. घाटपायथांचा मिग्नॉन चार-पाच वर्षांचा असला तरी बर्स संपलेले नसणार. तिथे शंका वेगळ्या: त्यात कॉफीशिवाय काही दळलंय का? वेलदोडे, मिरी, साफ करायला कच्चे तांदूळ? तांदूळ कडक असतो, छोट्या मोटरला झेपत नाही. आणि मसाल्याचा वास जाता जात नाही.

घाटपायथा

ग्राइंडर तपासायची रीतही सांगा ना. तिथे तर दोन्ही आहे.

वाफाळ

आधी रिकामा चालू करा. आवाज एकसारखा हवा, खरखर किंवा डगमग नको. चालू ठेवून डायल हळूहळू बारीककडे न्या. एका जागी बर्स एकमेकांना टेकून किर्र आवाज येतो, तिथे लगेच थांबा. हा झाला शून्य बिंदू. तो फिरताना एकसारखा किर्र न येता तुटक किर्र-किर्र आला तर बर्स थोडे वाकडे बसलेत. थोडं चालतं, फार नको.

मग स्वतःचे ताजे बी न्या. भाजून दोन-तीन आठवड्यांच्या आतलं. विक्रेत्याकडच्या जुन्या बीवर काही ठरवू नका, शिळ्या कॉफीतून पाणी धो धो निघतं आणि दोष ग्राइंडरच्या माथी येतो. शून्यापासून थोडं मागे येऊन १८ ग्रॅम दळा आणि शॉट काढा. इतक्या बारीक दळणावर मशीन जवळजवळ तुंबायला हवं, काही थेंबच पडावेत. तुंबलं म्हणजे ग्राइंडरमध्ये एस्प्रेसोची ताकद आहे. मग हळूहळू मोकळं करत १८ ग्रॅममधून साधारण ३६ ग्रॅम २५-३० सेकंदांत येईल असं जुळवा. अगदी बारीक करूनही पाणी पळत असेल तर बर्स गेलेत किंवा कुणीतरी उघडून चुकीचं बसवलंय.

मशीन नको वाटलं तरी ग्राइंडर वेगळा घ्यायचा पर्याय ठेवा. माझं मत विचाराल तर या दोघांत खरी किंमत त्यालाच आहे.

आप्पा_मुलुंड

कुडाळकर, कॅपॅसिटर लावून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर फिरते, पण ताकद घटते. शिवाय वाइंडिंगची जोडणी ४०० वरून २३० ला बदलता येते का ते टर्मिनल बॉक्स उघडून बघावं लागेल. सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर येते. तीनच असतील तर गुंडाळणारा आतली टोकं बाहेर काढेल. दुसरा मार्ग छोट्या इन्व्हर्टर ड्राइव्हचा, त्याला सिंगल फेज देऊन थ्री फेज मिळते. तो २३० चीच थ्री फेज देतो, म्हणजे जोडणी तिथेही बदलावीच लागेल. आतला फोटो टाका.

घाटपायथा

दुसरी फेरी झाली. ओळखीचा वायरमन सोबत नेला, काका जरा चकित झाले पण झाकण उघडू दिलं. या वेळी मशीन थंड होतं.

बॉयलरच्या जोडावर एका बाजूला पांढरा ओघळ आहे, बोटभर लांब, सुका. वायरी स्वच्छ. अर्थची जोडणी ठीक. मेगर: ०.४ मेगओम.

वायरी परत लावल्या आणि तासभर मशीन तापवलं, दर वेळी बंद झालं की पुन्हा स्विच. मग निवू दिलं आणि परत मोजलं: ६ मेगओम. वायरमन म्हणाला, "ओल होती, गेली." घेऊ का नको, यावर तो काही बोलला नाही.

ग्राइंडर वाफाळ म्हणाले तसा तपासला. एकसारखा किर्र, बारीक दळणावर मशीन तुंबलं. फक्त तोंडाशी जुन्या कॉफीची गुठळी अडकली होती.

काका दोन्ही मिळून ३८ ला यायला तयार आहेत.

आप्पा_मुलुंड

०.४ म्हणजे माझ्या हिशेबी नापास. तापवून ६ वर गेला, हे ठीक. पण पुढच्या पावसाळ्यात तुम्ही दोन महिने गावी गेलात की परत तेच. रोज वापरणार असाल तर कदाचित काही होणारही नाही. मी घेणार नाही. घेतलंत तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय लावू नका, यात मात्र तडजोड नाही.

वाफाळ

मी आप्पांशी अर्धाच सहमत आहे. बंद पडलेल्या मशीनमध्ये ओल धरणं नेहमीचं आहे, आणि तापवून रीडिंग पंधरापटीने चढलं म्हणजे हीटरचं कवच फाटलेलं नसावं. फाटलं असतं तर तापल्यावर उलट खाली आलं असतं. मला काळजी ओघळाची आहे. जोडाचं सील बदललं की बहुतेक थांबतो, पण ओघळाखाली ॲल्युमिनियम खाल्लं गेलं असेल तर नवं सील बसत नाही. ते बॉयलर उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि या मशीनमध्ये हीटर बॉयलरच्या ओतकामातच बसवलेला आहे, वेगळा बदलता येत नाही. म्हणजे ओल असो की खड्डे, शेवटी खर्च एकच: अख्खा बॉयलर. वर गॅस्केट, वर सोलेनॉइडचं काम.

मशीनला १५ च्या वर जाऊ नका, आणि तेही स्वतः पाना हातात घ्यायची हौस असेल तर. ग्राइंडरचे १४ रास्त वाटतात.

रानमेवा

३८ ला दोन्ही म्हणजे मशीन २४ ला पडलं. मी घेतलं असतं. इतकं खोदून बघितलं तर कुठलंच जुनं मशीन पास होणार नाही.

घाटपायथा

ग्राइंडर १३ ला घेतला. मशीनसाठी १५ म्हणालो, काकांनी १८ च्या खाली नाही म्हटलं. दोघांनी आठवडाभर विचार करायचं ठरलंय. तोवर मोका पॉटसाठी मिग्नॉनवर दळतोय. डायल कुठे ठेवू?

वाफाळ

मोकासाठी शून्यापासून बरंच मोकळं, बारीक रव्याच्या जरा अलीकडे. बारीककडे परत नेताना मोटर चालू ठेवूनच डायल फिरवा, नाहीतर मध्ये अडकलेली कॉफी दाबली जाऊन अडून बसते. आणि काका १६ म्हणाले तर इथे सांगा, सील मागवायचं माप देतो.

कुडाळकर

आप्पा, टर्मिनल बॉक्स उघडला. सहा टोकं आहेत, पण दोन तारांचे रंग उडालेत. फोटो टाकतोय, कुठली कुठे ते सांगा.